दुकानाच्या बॅनरसाठी बॅट काढताना: ग्रेन, ग्रिप आणि स्टिकर रस्त्यापलीकडून दिसले पाहिजेत

स्पोर्ट्सच्या दुकानाचा बॅनर म्हटला की त्यावर बॅट आलीच. बहुतेक बॅनरवर मात्र ती दुरून फिकट पिवळ्या फळीसारखी दिसते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुंदर दिसणाऱ्या, लाकडाच्या ग्रेनच्या रेषा फ्लेक्सवर छापून रस्त्यावर लागल्या की गायब होतात. ग्रिप नुसती निळी नळी होते, आणि स्टिकरवर काय लिहिलंय ते जवळ जाऊनच वाचावं लागतं. छपाईवाल्याला दोष देण्याआधी रेघांची जाडी मोजून पाहावी. दहापैकी आठ वेळा चूक तिथे असते.

या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं आहे. टिळक रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यावरचं दुकान, १० फूट × ४ फुटांचा आडवा फ्लेक्स, बघणारा समोरच्या फुटपाथवर, म्हणजे साधारण १२ मीटरवर. बॅट ६ फूट लांब, तिरकी ठेवलेली. काम Inkscape या मोफत प्रोग्रॅममध्ये आहे. कोरलड्रॉ वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, मापं हीच राहतील.

आधी हिशेब, मग रेघ

चांगल्या नजरेच्या माणसाला १० मीटरवरून साधारण ३ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. १२ मीटरवर हीच मर्यादा साडेतीन मिलिमीटर होते. म्हणजे बॅनरवर छापलेली ग्रेनची रेघ साडेतीन मिलिमीटरपेक्षा जाड हवी. ती लाकडाच्या रंगावर तपकिरी रंगात असल्यामुळे, काळ्यावर पांढऱ्याइतकी उठून दिसत नसल्यामुळे, थोडी आणखी जाड असलेली बरी. आपण चार मिलिमीटरच्या वर राहू.

आता खरी बॅट. मोठ्यांची शॉर्ट हँडल बॅट साधारण ८५ सेंटिमीटर लांब असते. नियमाप्रमाणे कमाल लांबी ३८ इंच, म्हणजे ९६.५२ सेंटिमीटर. रुंदी कुठल्याही परिस्थितीत सव्वाचार इंचांहून, म्हणजे १०.८ सेंटिमीटरहून जास्त चालत नाही. (१७७१ मध्ये इंग्लंडात एक फलंदाज चक्क स्टंपांएवढी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरला, त्यानंतर ही मर्यादा आली.) आपली बॅट ८५० मिमी लांब आणि १०८ मिमी रुंद काढायची. बॅनरवर ती ६ फूट, म्हणजे १८२९ मिमी होणार. म्हणजे सगळी मापं २.१५ पट वाढणार. खऱ्या मापात २ मिमीची रेघ काढली तर ती बॅनरवर ४.३ मिमी होते. आपलं गणित जमलं.

बॅनर छोटा असून बॅट फक्त २ फुटांची ठेवायची असेल, तर तीच २ मिमीची रेघ छापल्यावर दीड मिमीचीही राहत नाही आणि १२ मीटरवरून दिसत नाही. अशा वेळी नऊ रेघांऐवजी पाचच काढाव्यात आणि खऱ्या मापात प्रत्येकी ५ मिमी जाड ठेवाव्यात. दिसणाऱ्या पाच रेघा न दिसणाऱ्या नवांपेक्षा केव्हाही बऱ्या.

पायरी १: बॅटचा आकार

Inkscape मध्ये नवी फाइल उघडा. Shift+Ctrl+D दाबून पानाचं माप मिलिमीटरमध्ये २०० × १००० करा. बॅट आधी उभी आणि खऱ्या मापात काढायची, दांडा वर. तिरकी करण्याचं काम शेवटचं. सुरुवातीलाच तिरकी काढली तर प्रत्येक माप डोक्यात फिरवावं लागतं.

मधोमध एक उभी मार्गदर्शक रेषा ओढा. पेन टूलने फक्त उजवी बाजू काढा. दांडा ग्रिपसह ३४ मिमी जाड, म्हणून मध्यरेषेपासून १७ मिमीवर. वरून ३०० मिमी खाली आल्यावर खांदे सुरू होतात. तिथून ३५ मिमीच्या उतारात रुंदी मध्यरेषेपासून ५४ मिमीपर्यंत न्या. खांद्याचा उतार गोलसर हवा. काटकोनात खांदा काढला की बॅटचं धोपटणं होतं. पुढे पात्याची कड सरळ खाली, आणि तळाच्या टोकाला कोपरा साधारण २० मिमी त्रिज्येने गोल. तळाची रेघ अगदी सपाट नको, मध्ये चार-पाच मिमी फुगीर ठेवा.

हा अर्धा भाग बंद आकार करा, पण मध्यरेषेच्या पलीकडे एक मिमी जाऊ द्या. Ctrl+D ने प्रत काढा, H दाबून आडवी पलटवा, डावीकडे सरकवा आणि दोन्ही निवडून Path > Union करा. तो एक मिमी एकमेकांवर चढला नाही तर जोडावर केसाएवढी फट राहते. पडद्यावर ती जाणवत नाही, पण फ्लेक्सवर बॅटच्या मधोमध उभी पांढरी रेघ उमटते आणि गिऱ्हाईक विचारतं, तडा गेलेली बॅट लावलीय का?

हा आकार खांदे सुरू होतात तिथे कापून दोन तुकड्यांत ठेवा. पातं वेगळं, दांडा वेगळा. पात्याला रंग #EFD9B0 द्या.

पायरी २: ग्रेन

ग्रेन म्हणजे काय हे नीट कळलं की रेघा आपोआप बऱ्या येतात. विलोचं झाड दरवर्षी एक वलय वाढतं. ओंडका चिरून फळी काढताना ती अशी काढतात की ही वलयं फळीच्या तोंडावर उभ्या, समांतर रेषा होऊन दिसतात. एक रेघ म्हणजे झाडाचं एक वर्ष. यातून चित्रासाठी चार गोष्टी निघतात.

एक, रेघा खांद्यापासून तळापर्यंत सलग जातात, मध्येच थांबत नाहीत आणि एकमेकींना छेदत नाहीत.

दोन, त्या बॅटच्या आकाराबरोबर वळत नाहीत. आकार लाकूड तासून काढलेला असतो. त्यामुळे कडेच्या रेघा खांद्याच्या उताराला लागल्या की तिथे कापल्यासारख्या संपतात. नवीन माणूस हमखास रेघा खांद्याबरोबर आत वळवून दांड्याकडे नेतो. क्रिकेट खेळणाऱ्याला ती बॅट बघताक्षणी खोटी वाटते, का ते त्याला सांगता आलं नाही तरी.

तीन, दोन रेघांमधलं अंतर एकसारखं नसतं, पण अचानकही बदलत नाही. ते हळूहळू कमीजास्त होतं. वहीच्या रेघांसारखं समान अंतर ठेवलं की लाकूड दिसत नाही, पट्टेरी कापड दिसतं.

चार, दांड्यावर ग्रेन नसतात. दांडा वेताचा असतो, पात्यात खाचा पाडून बसवलेला. विलोच्या रेघा पात्यातच संपतात.

आता प्रत्यक्ष काम. पात्याच्या डाव्या कडेपासून ९, १९, ३१, ४४, ५६, ६६, ७७, ८९ आणि १०० मिमीवर उभ्या नऊ रेघा काढा. प्रत्येक रेघ पात्याच्या वर आणि खाली वीसेक मिमी बाहेर जाऊ द्या. रेघेला चार बिंदू पुरेत. मधले दोन बिंदू एक-दोन मिमी इकडेतिकडे सरकवा, पण शेजारच्या रेघा साधारण एकाच दिशेला झुकू द्या. झाड वाकलं तर सगळी वलयं बरोबर वाकतात. रेघेची जाडी २ मिमी, रंग #B98A52.

नुसत्या या रेघा थोड्या कोरड्या दिसतात. प्रत्येक रेघेच्या डाव्या बाजूला फिकट सावली दिली की लाकूड जिवंत होतं. सगळ्या रेघा निवडून Ctrl+D करा, प्रत ३ मिमी डावीकडे सरकवा, जाडी ५ मिमी करा, रंग #DDBE8C द्या आणि ही प्रत गडद रेघांच्या खाली पाठवा. सावली सगळीकडे एकाच बाजूला हवी. वलयाची एक कड ठळक आणि दुसरी विरत गेलेली असते, आणि झाड वाढताना दिशा बदलत नाही.

उजव्या कडेला १२ ते १५ मिमी रुंदीचा एक तपकिरी पट्टा, #C9995F, दिला तर उत्तमच. बऱ्याच बॅटींना एका कडेला झाडाच्या गाभ्याचं गडद लाकूड आलेलं असतं. हा पट्टा रेघांच्या खाली ठेवा, म्हणजे रेघा त्यावरूनही जातील.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गडद रेघा निवडा आणि Path > Stroke to Path करा. यामुळे रेघ ही ‘रेघ’ न राहता भरलेला आकार होते. त्यातून गट तयार झाला तर Shift+Ctrl+G ने सोडवा आणि Ctrl+K ने सगळे आकार एकत्र करा. पात्याची एक प्रत काढून ती वर ठेवा, दोन्ही निवडा, Path > Intersection. रेघांचा पात्याबाहेरचा भाग कापला जातो. प्रत वरच असली पाहिजे, कारण राहणाऱ्या आकाराला खालच्याचा रंग मिळतो. उलट केलंत तर रेघा पात्याच्या रंगाच्या होऊन अदृश्य होतील. फिकट सावल्यांचंही असंच करा, आणि गडद पट्ट्याचंही.

Stroke to Path टाळलं तर काय होतं? बॅट २.१५ पट मोठी करताना Inkscape मधली Scale stroke width ही सेटिंग बंद असेल, तर बॅट मोठी होते पण रेघा २ मिमीच राहतात. कोरलड्रॉमध्येही अशीच सेटिंग आहे. तुमच्याकडे सगळं बरोबर दिसतं, फ्लेक्सवाल्याकडे फाइल मोठी केली की रेघा केसासारख्या होतात. भरलेल्या आकाराला ही भीती नाही.

तयार ‘वुड टेक्श्चर’चा फोटो पात्यात भरण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळावा. नेटवर मिळणारी बहुतेक टेक्श्चर फर्निचरच्या लाकडाची असतात, त्यांत गाठी आणि कमानीसारख्या रेघा असतात. बॅटऐवजी वाड्याचं सागवानी दार दिसतं. शिवाय सहा फुटांवर ताणल्यावर तो फोटो फुटतो.

रेघा किती, यावरून जाणकार गिऱ्हाईक काही अर्थही काढतं. फिकट लाकडावर नऊ-दहा सरळ, स्पष्ट ग्रेन म्हणजे इंग्लिश विलोची चांगली बॅट. काश्मीर विलो त्यापेक्षा तपकिरी असतं आणि त्यावर ग्रेन एवढे उठून दिसत नाहीत. दुकानात मुख्यतः काश्मीर विलोच विकली जात असेल तर पात्याचा रंग थोडा गडद, #DDBB85 च्या आसपास, आणि रेघा सहा-सात ठेवाव्यात. मग रेघांचा रंगही एक छटा गडद करावा लागेल, नाहीतर फरक उरणार नाही.

पायरी ३: जोड आणि कड

दांडा पात्यात ज्या ‘व्ही’ आकारात बसतो तो दाखवला की बॅट एकदम खरी वाटते. खांद्यांच्या मधोमध, ३०० मिमीवर ३० मिमी रुंद आणि खाली ४०० मिमीवर टोक, असा उलटा त्रिकोण काढा. रंग वेताचा पिवळसर, #E3BE78. त्यात दोन बारीक उभ्या गडद पट्ट्या द्या. त्या वेताच्या तुकड्यांमध्ये घातलेल्या रबराच्या. ग्रेनच्या रेघा या त्रिकोणाखाली लपल्या पाहिजेत, वरून जाता कामा नयेत.

पात्याच्या डाव्या कडेला बाहेरून १० मिमीची एक पट्टी जोडा, #C79F66. ही बॅटची कड. डावीच का, तर बॅट तिरकी केल्यावर ती बाजू खाली येते आणि सावलीत असल्यासारखी दिसते. कडेवर समांतर ग्रेन काढू नका. तिथे लाकूड दुसऱ्या दिशेने कापलेलं असतं आणि रेघा रुंद, अस्पष्ट दिसतात. सपाट रंग पुरे.

पायरी ४: ग्रिप

बॅटची ग्रिप ही रबराची सलग नळी असते, शंकूवरून ताणून दांड्यावर चढवलेली. टेनिसच्या रॅकेटसारखी तिरकी गुंडाळलेली पट्टी नव्हे. चित्रात तिरके वळसे काढले की बघणाऱ्याच्या मनात हॉकी स्टिक येते. नक्षी ओळखू येण्यासाठी सगळ्यात सोपी म्हणजे एकाखाली एक ‘व्ही’च्या ओळी.

दांड्याच्या वरच्या २९० मिमी भागाला गडद निळा, #1F4E9E, द्या. वरचं टोक किंचित घुमटाकार. आता एक ‘व्ही’ काढा. रुंदी ४० मिमी, म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी बाहेर, टोक खाली, जाडी ४ मिमी, रंग #6F9BE0. Stroke to Path करा.

असे २५ ‘व्ही’ एकेक करून लावत बसू नका. पहिला ‘व्ही’ निवडून Ctrl+D, मग Shift+Ctrl+M ने उघडणाऱ्या Transform च्या खिडकीत Move मध्ये उभं अंतर १२ मिमी टाका आणि Apply. आता दोन झाले. दोन्ही निवडा, प्रत काढा, २४ मिमी. चार झाले. मग ४८, मग ९६, मग १९२. पाच वेळात ३२ ‘व्ही’. सगळे Ctrl+K ने एकत्र करा आणि ग्रिपच्या प्रतीबरोबर Intersection करा, जास्तीचे कापले जातील. ‘व्ही’ खाली न जाता वर गेले तर अंतराला उणे चिन्ह द्या.

नळी गोल दिसण्यासाठी ब्लर किंवा पारदर्शक छाया वापरू नका. छापण्याआधी फ्लेक्सवाल्याचं सॉफ्टवेअर अशा गोष्टी चित्रात बदलतं, आणि कधी कधी त्यांच्याभोवती पांढरा चौकोन येतो. त्यापेक्षा ग्रिपच्या दोन्ही कडांना ५ मिमीच्या उभ्या गडद निळ्या पट्ट्या, #15336B, द्या. दुरून ग्रिप गोल दिसायला एवढंच लागतं. ‘व्ही’ या पट्ट्यांवरून जायला नकोत, म्हणून पट्ट्या सगळ्यांच्या वर ठेवा.

ग्रिप संपते तिथे २८२ ते २९६ मिमीमध्ये टेपचा एक पांढरा वळसा काढा. खऱ्या बॅटवर ग्रिपचं खालचं तोंड सुटू नये म्हणून तिथे टेप असते. चित्रात निळ्या ग्रिपला पिवळ्या लाकडापासून वेगळं करण्याचं काम हीच टेप करते. त्याखाली दांड्याचा जो चिंचोळा भाग उरतो त्याला वेताचाच रंग द्या.

पायरी ५: स्टिकर

पहिला प्रश्न कुणाचं नाव. मोठ्या बॅट कंपन्यांची चिन्हं ट्रेडमार्क आहेत. ती नेटवरून घेऊन किंवा हाताने गिरवून दुकानाच्या बॅनरवर लावणं धोक्याचं. दुकान एखाद्या कंपनीचं अधिकृत विक्रेता असेल तर वितरकाकडून त्यांच्या लोगोची मूळ फाइल आणि ती वापरण्याची परवानगी मागून घ्यावी. नाहीतर स्टिकरवर दुकानाचंच नाव टाकावं. ते जास्त कामाचंही आहे.

स्टिकर ८८ मिमी रुंद, वरून ३८० ते ६०० मिमीपर्यंत, कोपरे गोल. ‘व्ही’ जोडाचं टोक स्टिकरखाली थोडं जाईल, ते बरोबर आहे. स्टिकरखालचा २५० मिमीचा भाग मोकळा ठेवा. बॅनरवर तो जवळजवळ पावणेदोन फूट होतो, आणि ग्रेन मुख्यतः तिथेच दिसणार आहेत. दुकानदार हमखास म्हणतात, खाली जागा आहे तर फोन नंबर टाका. नंबरासाठी बॅनरची उजवी बाजू आहे.

स्टिकरला सभोवती ३ मिमीची पांढरी किनार द्या. लाल स्टिकर थेट लाकडावर ठेवला तर दुरून दोन्ही रंग एकमेकांत मिसळतात.

अक्षरांची दिशा इथेच ठरवून टाका. बॅट तिरकी करताना दांडा डावीकडे खाली आणि तळ उजवीकडे वर जाणार आहे. म्हणून उभ्या बॅटवर नाव दांड्याकडून तळाकडे वाचलं जाईल असं ठेवा, म्हणजे मजकूर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश फिरवा. उलट फिरवलात तर बॅनरवर नाव डोक्यावर उभं राहील. अक्षरांची उंची ३६ मिमी घ्या, छापल्यावर ती तीन इंचांच्या आसपास होते.

देवनागरीत नाव असेल तर टाइप केल्या केल्या Path > Object to Path करा. ‘स्पोर्ट्स’ हा शब्द याची उत्तम परीक्षा घेतो. तुमचा फॉन्ट फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर नसेल किंवा त्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं सुटतात. अक्षरं आकारात बदलली की ती कुठेही तशीच राहतात. त्याआधी फाइलची एक प्रत वेगळी जपून ठेवा, नंतर अक्षर बदलता येत नाही.

पायरी ६: बॅनरवर मांडणी

नवी फाइल, पान ३०४८ × १२१९ मिमी. बॅटचे सगळे भाग निवडून Ctrl+G ने गट करा आणि इथे आणा. वरच्या पट्टीत रुंदी-उंचीमधलं कुलूप लावून उंची १८२९ मिमी करा. मग Transform च्या Rotate मध्ये घड्याळाच्या काट्याच्या उलट ११५ अंश. बॅट जमिनीपासून २५ अंश वर उचललेली दिसेल.

या कोनात बॅटने व्यापलेली उंची नव्वद सेंटिमीटरच्या जवळपास होते आणि वर-खाली प्रत्येकी पंधरा-सोळा सेंटिमीटर मोकळे राहतात. एवढे हवेतच. फ्लेक्सच्या कडेचे दोन-तीन इंच आयलेट आणि पाइपच्या फ्रेमकडे जातात. कोन ३० अंशांवर नेला तर हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि फ्रेम ठोकताना तळाचं टोक दुमडलं जाण्याची भीती राहते.

आडवी बॅट पावणेसहा फूट जागा घेते. ती डावीकडे ठेवा, उजवीकडच्या चार फुटांत दुकानाचं मोठं नाव. मागचा रंग गडद हिरवा किंवा गडद निळा. निळा घेतलात तर ग्रिप लाल करा, नाहीतर दांडाच हरवेल. पिवळी किंवा क्रीम पार्श्वभूमी नकोच, त्यावर विलोचं पातं बुडून जातं.

पायरी ७: घरच्या प्रिंटरवर चाचणी

बॅनर १० फूट × ४ फूट आहे. एका फुटाला एक इंच धरला तर तो १० इंच × ४ इंच होतो आणि ए-फोर कागदावर आडवा नीट मावतो. ही बारा पट छोटी प्रत छापा, भिंतीवर लावा आणि एक मीटरवरून बघा. १२ मीटरवरून खरा बॅनर जसा दिसेल तसाच हा कागद दिसतो. ग्रेनच्या रेघा वेगवेगळ्या मोजता आल्या पाहिजेत, ‘व्ही’ची नक्षी जाणवली पाहिजे, स्टिकरवरचं नाव वाचता आलं पाहिजे. रेघा एकमेकांत मिसळत असतील तर जाडी वाढवण्याआधी रंग गडद करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. तरीही मिसळल्या तर दोन रेघा कमी करा.

पायरी ८: फ्लेक्सवाल्याकडे

Save As मधून PDF करा. PDF चं पान २०० इंचांपेक्षा, म्हणजे सोळा फूट आठ इंचांपेक्षा मोठं केलं तर काही प्रोग्रॅम ते उघडताना गडबड करतात. तेवढा मोठा बॅनर असेल तर फाइल निम्म्या मापात करा आणि तसं फाइलच्या नावातच लिहा. सोबत एक PNG ही द्या, ७२ डीपीआयला. आपल्या मापाला ती ८६४० × ३४५६ पिक्सेलची होते. रस्त्यावरच्या फ्लेक्सला एवढं पुरतं.

व्हॉट्सॅपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून पाठवलेली PNG दाबून छोटी होते, आणि फ्लेक्सवाला तीच ताणून छापून मोकळा होतो.

Inkscape मधले रंग पडद्याचे असतात, छपाईची शाई वेगळी. विलोचा फिकट रंग फ्लेक्सवर बऱ्याचदा जास्त पिवळा येतो. म्हणून पूर्ण छपाईआधी पात्याचा, स्टिकर आणि ग्रेन दोन्ही येतील असा, फूटभर तुकडा छापून मागा. तो दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नाही. पातं पिवळं पडलं असेल तर पात्याच्या रंगातला पिवळेपणा थोडा कमी करा, ग्रेनचा रंग तसाच ठेवा. दोन्ही एकत्र फिके केले की पुन्हा फळी होते.

बॅनर दुकानाच्या स्वतःच्या पाटीच्या जागेबाहेर, रस्त्यावर किंवा चौकात लावायचा असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी छपाईआधी घ्या. माप आणि जागा त्या अर्जात लिहावी लागते, आणि माप बदललं तर बॅटचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

फ्लेक्स ताब्यात घेताना तो पूर्ण उलगडायला लावा आणि टेप घेऊन स्टिकरखालची एक गडद रेघ मोजा. चार मिमीच्या वर भरली तर घ्या. दोनच भरली तर कुठेतरी Stroke to Path राहून गेलेलं आहे.